अर्धं भांडं

बाबा बोटीवरून कायमचे घरी आले, त्यानंतर तीन दिवस आईने त्यांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच ठेवलं. चौथ्या दिवशी म्हणाली, "पाहुणपण संपलं. या आत." ओट्याची डावीकडची अर्धी बाजू तिने मोकळी करून दिली होती. स्वतः मात्र उजवीकडून हलली नाही.

26 वर्षं बाबा मालवाहू बोटींवर चीफ कुक होते. 22 माणसांचं जेवण, दिवसातून तीनदा. घरात आम्ही तिघं. पहिल्या दिवशी त्यांनी कांदे चिरायला घेतले आणि मी थांबवेपर्यंत दोन किलोंचा ढीग झाला होता. "हात थांबत नाही गं," असं म्हणून ते ढिगाकडे असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणी चिरलाय.

भात आठवडाभर कणीदार झाला. कारण आईलाच आधी कळलं. बोटीवर आगीच्या भीतीने गॅस नसतो, विजेच्या जाड तव्यांवर रांधायचं. बटण बंद केलं तरी तवा पुढे बराच वेळ तापलेला राहतो आणि भात त्याच धगीवर निवांत शिजतो. बाबा इथेही शेवटची पाच मिनिटं आधीच गॅस बंद करायचे आणि धगीची वाट बघत उभे राहायचे. "ज्योत गेली की गेली," आई म्हणाली. "मागे काही ठेवत नाही ती."

आणि भांडं कधीही निम्म्याच्या वर भरायचं नाही. पातेलं कितीही मोठं असो, आमटी अर्ध्यावर. बोट डोलते तेव्हा भरलेलं भांडं हिंदकळतं, उकळतं पाणी पायावर येतं. त्यांच्या डाव्या पावलावर तसा एक गुळगुळीत डाग आहे. ताटाखालीसुद्धा ओलं फडकं, ताट घसरू नये म्हणून. आमचं घर तळमजल्यावर, पक्क्या जमिनीवर. आई फडकं उचलायची, ते पुन्हा घालायचे. यावर कधी भांडण झालं नाही. दोघंही आपापलं करत राहिले.

खरं कुतूहल मला बाबांच्या पेटीचं होतं. लहानपणी ते सुट्टीवर आले की मी पेटी उघडून एकेका बाटलीचा वास घ्यायचे आणि डोळे मिटून एकेक शहर रचायचे. स्पेनची लाल मिरचीपूड नाकाशी धरली की ओल्या लाकडाच्या धुराने भरलेली खोली दिसायची. मिरच्या तिथे ओकच्या धगीवर दोन आठवडे वाळवतात हे मला फार नंतर कळलं, पण खोली मी आधीच बांधून ठेवली होती. ब्राझीलच्या सांतोस बंदरातून आणलेल्या न भाजलेल्या कॉफीच्या बियांना कॉफीचा वासच नव्हता. गोणपाट आणि ओलं गवत, एवढंच. व्हिएतनामच्या मासळीच्या पाण्याची बाटली आई बाहेरच्या कट्ट्यावर ठेवायची. वर्षभर मिठात मुरलेल्या मासळीचं ते पाणी चमच्यावर एक थेंब घेतलं तर जिभेवर समुद्र यायचा, बाटली उघडीच राहिली तर शेजारी यायचे.

आता बाबा घरातच आहेत म्हटल्यावर मी बाटल्या ओट्यावर ओळीने मांडल्या आणि विचारलं, "झांजीबार कसं होतं?"

"चार तास."

"म्हणजे?"

"चार तास उतरलो होतो. भाजी भरून घ्यायला." मग थोडं थांबून, "रस्त्याकडेला चटयांवर लवंगा वाळत घातल्या होत्या. गाडी अगदी कडेने गेली. ड्रायव्हरने काच वर केली. मी खाली केली."

"आणि सांतोस?"

"गोदीचं फाटक. रात्र होती."

माझी सगळी शहरं अशी एकेक करत फाटकापाशी येऊन थांबली. स्पेनची मिरची तर त्यांनी बोटीवर चढलेल्या विक्रेत्याकडून घेतली होती, जमिनीवर पाय न ठेवता. मला राग आला, आणि तो त्यांच्यावर काढता येईना.

एका बाटलीबद्दल मात्र ते आपणहून बोलले. आत काळी, सुपारीपेक्षा मोठी, वजनाला पोकळ फळं. हलवलं की आतल्या बिया खुळखुळतात. ओमानमधली लिंबं, मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवलेली. इराकमध्ये मात्र त्यांना नूमी बसरा म्हणतात, म्हणजे बसऱ्याची लिंबं. "ओमानहून बसऱ्याच्या बंदरात यायची, म्हणून बसऱ्याची झाली," बाबा म्हणाले आणि हसले. आल्यापासून पहिल्यांदा.

रविवारी त्यांनी त्या लिंबांत सुरमई केली. लिंबाला सुरीच्या टोकाने दोन भोकं पाडली आणि तेलात कांद्याबरोबर सोडलं. आधी आंबट वास आला, मग त्याच्या मागून जुनाट, किंचित कडू, मुरलेल्या लोणच्याच्या बरणीच्या तळाशी असतो तसा. आईने नाक वर केलं, पण ती खोलीबाहेर गेली नाही. रस्सा जिभेवर आधी आंबट लागला, गिळल्यावर मात्र धुरकट. मला आवडला.

बाबांनी चमचा तोंडात घातला आणि मान हलवली. "कमी आहे."

"मीठ?"

मीठ घातलं. पुन्हा चाखलं. मिरपूड. पुन्हा चाखलं. आणखी एक लिंबू फोडून टाकलं. चौथ्यांदा चाखून त्यांनी चमचा खाली ठेवला आणि पातेल्यातल्या अर्ध्या रश्शाकडे बघत राहिले. "बोटीवर हेच करायचो. हेच सामान, हाच हात."

तेवढ्यात वीज गेली. मागच्या इमारतीचा जनरेटर धडधडत सुरू झाला. त्याचं धुराडं आमच्या खिडकीच्या दिशेला आहे. डिझेलचा जाड, तेलकट धूर जाळीतून आत आला आणि रश्शाच्या वाफेत मिसळला. अशा वेळी आई एका ढांगेत खिडकी गाठते. आताही गाठली. बाबा सुट्टीवर यायचे तेव्हा त्यांची बॅग आधी अंगणात उघडली जायची आणि कपडे दोन दिवस सोड्यात भिजत पडायचे, ते याच वासापायी. शर्टातून जायचा, बॅगेच्या अस्तरातून कधीच गेला नाही.

"अगं, राहू दे जरा."

तिचा हात कडीवर होता. बाबांनी अंधारात चाचपडत चमचा शोधला, रस्सा घेतला, फुंकर घातली. बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

"लागलं," ते म्हणाले.

"काय लागलं? धूर लागला असेल," आई म्हणाली. पण कडीवरचा हात तिने काढून घेतला.

मेणबत्तीवर जेवलो. डोळे चुरचुरत होते, जनरेटरच्या धडधडीने ओट्यावरच्या बाटल्या एकमेकींवर बारीक किणकिणत होत्या. कुणी फारसं बोललं नाही. बाबांनी तीनदा भात घेतला. आईने दोनदा घेतला, तिसऱ्यांदा डाव पातेल्यात घातला तर तळ खरवडल्याचा आवाज आला.

"पुढच्या वेळी भांडं भरून करा," ती म्हणाली. "दोन घास पुरत नाहीत."

बाबांनी पातेल्याच्या काठावर बोट टेकवलं आणि मधल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"सांडेल ना," ते म्हणाले.