आज रात्रीच्या जेवणाबद्दल

निनाद,

वाशीचं टेबल आठचं आहे म्हणालास, म्हणून सकाळीच लिहितेय. मी आज येत नाहीये. टेबल रद्द कर, नाहीतर कॉलेजच्या ग्रुपमधल्या कुणाला तरी घेऊन जा. आधी फोनच करणार होते, पण फोनवर मी पुन्हा एखादी सबब सांगून मोकळी झाले असते. आणि ऑफिसात हे बोलायला जागा नाही. पॅन्ट्रीतलं बोलणं आपल्याकडे चहा गार व्हायच्या आत रिसेप्शनपर्यंत पोचतं.

दिवाळीपासून तू मला पाच वेळा जेवायला बोलावलंस. तलावपाळीला सगळे येतायत असं समजून मी आले, तर आपण दोघंच होतो. मग उपवन, सीवूड्स, पाम बीच आणि आता वाशी. दर वेळी मी काहीतरी सांगितलं: आई आलीय, डोकं दुखतंय, पहाटे उठायचंय. डोकं खरंच दुखत होतं, बाकीच्या थापा होत्या. ती चूक माझी. ‘या शनिवारी नाही जमणार’ म्हटल्यावर कुणीही पुढचा शनिवार विचारणारच.

म्हणून आता वाराचा विषयच नको. आपण दोघांनीच कुठे जेवायला जावं, असं मला वाटत नाही. तुझ्या मनात मैत्रीपेक्षा जास्त काही आहे असं मला जाणवतंय. माझ्या मनात तसं नाही, आणि पुढे होईल असंही नाही. ‘सध्या’ हा शब्द मुद्दाम लिहिलेला नाही, उगाच वाट बघत राहशील. माझा अंदाज चुकला असेल तर हसून सोडून दे, पण जेवणाचं उत्तर तेच. यात तू कुठे कमी पडलास असं अजिबात नाही. आणि दुसरं कुणी आहे का, हे विचारू नकोस. असलं-नसलं तरी माझं उत्तर बदलणार नाही.

वाढदिवसाला दिलेलं पुस्तक मी ठेवतेय, वाचूनही झालंय. चांदीचे कानातले मात्र परत करतेय. डबी निळ्या कापडी पिशवीत आहे. सोमवारी मी जरा लवकर येईन आणि पिशवी तुझ्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवीन. सगळ्यांसमोर हातात द्यायला मला बरं वाटणार नाही, तुलाही नाही वाटणार.

बाकी चाललंय तसं चालू दे. दुपारचा डबा पाचजण मिळूनच खाऊ. तुझ्या आईच्या सुरळीच्या वड्यांवर माझा हक्क कायम आहे. घणसोली स्टेशनवरून महापेला शेअर रिक्षाही नेहमीसारखीच. फक्त बाइकवरून ठाण्याला सोडायचं विचारू नकोस, कितीही उशीर झाला तरी. मी ट्रेननेच जाईन, ट्रेन बंद असेल तर ऑफिसची कॅब मागेन. आणि रात्री नऊनंतर कामाचा मेसेज असेल तर लगेच उत्तर देईन. ‘जेवलीस का’ला देणार नाही. ते रागावून नाही, एवढं लक्षात असू दे.

हे मी टीममध्ये कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तूही ते आपल्यातच ठेव. कुणी चिडवायला लागलं, आणि लागतीलच, तर ‘तसं काही नाही’ एवढं सरळ म्हण. नुसतं हसून गप्प बसलास की लोक त्याचा हवा तो अर्थ काढतात. थोडे दिवस माझ्याशी कमी बोलावंसं वाटलं तर बोल कमी, मला वाईट वाटणार नाही. कामाचं मात्र अडू देऊ नकोस.

कारण या महिन्यात खरंच अडेल. ११ तारखेचं जीएसटीआर-वन माझ्याकडे आहे, ते मी एकटी करते. पण १४ ला टू-बी आलं की खरेदी रजिस्टरशी मेळ आपल्या दोघांनाच घालायचाय. मागच्या खेपेला तीन व्हेंडरची बिलं पुढच्या महिन्यात सरकली आणि क्रेडिट अडकलं. या वेळी त्यांना मी ८ तारखेलाच फोन करते. फरकाची शीट तू १६ पर्यंत शेअर ड्राइव्हवर टाक, म्हणजे २० च्या थ्री-बीला शेवटच्या रात्री पोर्टलसमोर बसावं लागणार नाही. ऑडिटच्या वेळी तू माझ्या वाटणीच्या डेबिट नोट बघून दिल्या होत्यास, त्याचे आभार राहिलेच होते. मनापासून.

याला लांबलचक उत्तर लिहायची गरज नाही. वाचलंस हे कळायला नुसता अंगठा टाकलास तरी चालेल.

– मुग्धा