बेचा पाढा आणि लांबची नजर : शाळेत दाखवायच्या व्हिडिओची संहिता

कालावधी : साधारण सात मिनिटं
प्रेक्षक : तिसरी ते सातवीची मुलं
चित्रीकरण : वाई तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पाचवीचा वर्ग, ओंकारचं घर
पात्रं : बाई, ओंकार, सई, रेहान, ओंकारची आजी

दृश्य १. ओंकारचं घर, संध्याकाळ

(ओंकार पलंगावर पालथा पडलाय. फोन नाकापासून वीतभरही लांब नाही. शिष्यवृत्तीची सराव चाचणी चालू आहे. तो एक डोळा चोळतो, मग दुसरा. आजी लसूण सोलत बसली आहे.)

आजी : अरे, फोन डोळ्यात घालतोस का काय?

ओंकार : अभ्यास करतोय गं आजी. गेम नाहीये.

आजी : अभ्यास असू दे नाहीतर गेम, डोळ्याला काय कळतंय? बरं, किती वाजले बघ जरा.

(ओंकार मान वर करतो. आता कॅमेरा म्हणजे ओंकारचे डोळे : समोरच्या भिंतीवरचं घड्याळ धूसर. काटे दिसतात, आकडे नाहीत. दोन-तीन सेकंदांनी हळूहळू स्पष्ट होतं.)

ओंकार : सव्वा… नाही, साडेसात.

आजी : एवढा वेळ लागला सांगायला?

(चित्रीकरणासाठी : घड्याळ स्पष्ट व्हायला लागणारा वेळ कापू नका. मुलांनी हे अनुभवलेलं असतं, फक्त कुणाला सांगितलेलं नसतं.)

दृश्य २. वर्ग, सकाळ

(उघडी खिडकी. बाहेर हळदीचं शेत, त्यामागे पांडवगड.)

बाई (थेट कॅमेऱ्याकडे) : मुलांनो, फोनवरून मान वर केली आणि लांबचं धूसर दिसलं, असं कुणाकुणाचं होतं? हात वर करा. तुम्ही पण, टीव्हीसमोर बसलेले.

(वर्गात ओंकारचा हात अर्धा वर. शेजारी सई बघते, मग तिचाही हात वर.)

बाई : आता एक अंगठा नाकासमोर धरा. एक वीत लांब. नखाकडे बघा, टक लावून. सई, डोंगर कसा दिसतोय?

सई : बाई, डोंगर पुसल्यासारखा झाला!

बाई : आता अंगठा तिथेच ठेवा आणि डोंगराकडे बघा.

रेहान : बाई, माझे दोन अंगठे झाले!

(हशा. सगळे पुन्हा करून बघतात. तीस सेकंद तरी हा गोंधळ राहू द्या.)

बाई : आपल्या डोळ्यात एक भिंग असतं. दुर्बिणीचं काचेचं असतं, आपलं मऊ असतं. त्याच्याभोवती गोल स्नायू असतो. जवळचं बघताना तो स्नायू आवळला जातो आणि भिंग फुगीर होतं. लांबचं बघताना स्नायू सैल पडतो आणि भिंग चपटं होतं.

(साधं रेखाचित्र : भिंग फुगतं, चपटं होतं, पुन्हा फुगतं. बाण दोनच. पाठ्यपुस्तकातली सगळी नावं इथे नकोत.)

बाई : ओंकार, तू चाचणी किती वेळ सोडवत होतास?

ओंकार : तासभर.

बाई : म्हणजे तासभर तो स्नायू आवळलेलाच. दप्तर एकाच हातात धरून तासभर उभा राहशील का?

ओंकार : हात भरून येईल ना!

बाई : डोळेही तसेच भरून येतात. कपाळ दुखतं, डोळे जड होतात, आणि घड्याळ लवकर दिसत नाही.

दृश्य ३. पापण्या मोजायचा खेळ

(सई आणि रेहान समोरासमोर. सई टॅबवर गोष्ट वाचते. रेहान तिच्या डोळ्यांकडे बघत बोटांवर मोजतो. कॅमेरा सईच्या डोळ्यांच्या अगदी जवळ : पापणी मिटत नाही, मिटत नाही, मग एकदा अर्धवट मिटते.)

बाई : गप्पा मारताना माणूस एका मिनिटात साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे बघताना ते निम्म्यावर येतं, कधी त्याहून कमी. पापणी मिटली की डोळ्यावर पाण्याचा पातळ थर पसरतो. मिटलीच नाही तर तो थर सुकतो. मग काय होतं, सई?

सई : चुरचुरतं. मग मी चोळते.

बाई : आणि चोळल्यावर हाताची घाण डोळ्यात. चोळायचं नाही. चार-पाच वेळा सावकाश, पूर्ण मिटायच्या पापण्या. करा बरं माझ्याबरोबर.

(बाई करून दाखवतात. घाई नको.)

दृश्य ४. नियम

(फळ्यावर मोठ्या अक्षरांत : २० मिनिटं, २० फूट, २० सेकंद.)

बाई : दर वीस मिनिटांनी, वीस फूट किंवा त्याहून लांबच्या वस्तूकडे, वीस सेकंद बघायचं. झालं. याला पैसे लागत नाहीत आणि चष्म्याच्या दुकानात जावं लागत नाही.

रेहान : वीस फूट म्हणजे किती बाई?

(ओंकार आणि सई मोजपट्टीची फीत ताणतात. वर्गाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्याकडे जातात. मध्ये बाक येतो, सई त्याच्यावरून उडी मारते.)

ओंकार : इथे! वीस झाले!

बाई : साधारण सहा मीटर. क्रिकेटचं पिच किती लांब असतं?

रेहान : बावीस यार्ड!

बाई : म्हणजे सहासष्ट फूट. त्याचा तिसरा हिस्सा घ्या, पुरे. खिडकी असेल तर पांडवगडच बघा, तो वीस फुटांच्या कितीतरी पलीकडे आहे. गाव सपाटीवर असेल तर चिंचेचं झाड, शहरात राहात असाल तर समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी.

सई : आणि वीस सेकंद कसे मोजायचे? घड्याळाकडे बघितलं तर घड्याळच बघत बसू.

बाई : बेचा पाढा येतो ना? तो कितीवर संपतो?

सगळे : वीस!

बाई : सावकाश म्हणायचा. एका ओळीला दोन सेकंद. दहा ओळी, वीस सेकंद.

दृश्य ५. खरी सुट्टी

बाई (कॅमेऱ्याकडे) : आता तुमची पाळी. टीव्हीकडे बघायचं नाही. खिडकीबाहेर, दाराबाहेर, सगळ्यात लांब काय दिसतंय ते शोधा. मी पाढा म्हणते, तुम्ही माझ्यामागे म्हणा. पापण्या मिटत राहा.

(पडदा पूर्ण काळा. शाळेचं नाव, चिन्ह, हलणारे आकडे, काहीही नको. काही दिसलं की मुलं पडद्याकडेच बघणार. फक्त आवाज. प्रत्येक ओळीनंतर मुलांना म्हणायला जागा सोडली की वीस सेकंदांपेक्षा जास्त होतील, होऊ द्या.)

बाईंचा आवाज :
बे एके बे.
बे दुणे चार.
बे त्रिक सहा.
बे चोक आठ.
बे पंचे दहा.
बे सक बारा.
बे साते चौदा.
बे आठे सोळा.
बे नवे अठरा.
बे दाहे वीस.

(घंटेचा एक टोल. चित्र परत.)

दृश्य ६. चोरवाटा

(ओंकार फोन समोर धरून पाढा म्हणतोय. फोनवर बर्फाच्या डोंगराचं चित्र.)

सई : हे काय?

ओंकार : लांबचा डोंगर बघतोय. हिमालय!

सई : हिमालय लांब असेल, पण फोन तुझ्या नाकावर आहे.

(रेहान टॅब बाजूला ठेवतो आणि गोष्टीचं पुस्तक उघडतो.)

रेहान : मी तर पडदा बंद केलाय.

बाई : पुस्तकही हातभर अंतरावरच आहे, राजा. डोळ्याच्या स्नायूला कागद आणि काच यात फरक कळत नाही. पुस्तक वाचतानाही हाच नियम.

(ओंकार आगगाडीसारखा पाढा म्हणून टाकतो : बेएकेबेबेदुणेचारबेत्रिकसहा… चार सेकंदांत संपवतो आणि विजयी चेहरा करतो. बाई फक्त बोटाने पुन्हा सुरू करायची खूण करतात.)

दृश्य ७. घर, पुन्हा संध्याकाळ

(ओंकार आता टेबलाशी बसलाय. फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवलेला. तो मूठ फोनला लावतो आणि कोपर डोळ्याजवळ आणतो : अंतर मोजायची हीच पट्टी. खोलीत दिवा लावलेला.)

ओंकार : आजी, वीस मिनिटं झाली की हाक मार.

आजी : मला काय घड्याळ घेऊन बसायला सांगतोस? तुझा एक पेपर संपला की उठत जा.

(हे आजीचं खरं. मुलं मिनिटं मोजत नाहीत, पण सराव चाचणीचा एक भाग, एक व्हिडिओ, गेमचा एक डाव संपल्याचं त्यांना पक्कं कळतं. बाईंच्या आवाजात एवढंच वाक्य टाका : "एक काम संपलं, की दारात जा.")

(ओंकार दारात उभा. बाहेर अंधार. गल्लीच्या टोकाला दिव्याचा खांब. तो त्याच्याकडे बघत पाढा सुरू करतो. आजीही मागून येऊन म्हणायला लागते.)

आजी : डोळे लाल दिसतायत. काजळ घालू का रे?

ओंकार : नको आजी. बाई म्हणाल्या, डोळ्यात काहीच घालायचं नाही. गुलाबपाणी पण नाही.

आजी (थोडी रुसून) : आम्ही काय आंधळे झालो काजळाने?

(हा संवाद ठेवा. घरोघरी हाच होतो, आणि मूल आजीला उलट बोलायला कचरतं.)

दृश्य ८. वर्ग

बाई : एक गोष्ट नीट ऐका. या नियमाने डोळ्यांचा थकवा कमी होतो. ज्याला चष्मा आहे त्याचा नंबर याने जात नाही, चष्मा लावायचाच. आणि लांबचं नीट न दिसण्याचा त्रास सुरू होऊ नये म्हणून सगळ्यात जास्त उपयोग कशाचा होतो, माहीत आहे? बाहेर उजेडात खेळण्याचा. रोज दोन तास मिळाले तर उत्तम. शाळेतली सुट्टी, घरी जातानाची वाट, सगळं धरून.

रेहान : म्हणजे क्रिकेट डोळ्यांसाठी चांगलं?

बाई : हे घरी सांग, माझं नाव घेऊन. पण सूर्याकडे बघायचं नाही, कधीच नाही.

(सई शेवटच्या बाकावरून डोळे बारीक करून फळा वाचतेय. बाईंच्या लक्षात येतं.)

बाई : सई, फळ्यावरचं दिसत नाही का?

सई (हळू) : मागून नाही दिसत. मी शेजारच्या वहीत बघून लिहिते.

बाई : मग सांगायचं होतं ना! ज्यांना फळा धूसर दिसतो, रोज डोकं दुखतं, एकाचे दोन दिसतात, त्यांनी बाईंना सांगा, आईला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर शाळेत तपासायला येतात, तेव्हाही सांगा. तेवढ्यासाठी थांबून राहू नका, सरकारी दवाखान्यातही डोळे तपासून मिळतात. शेजारच्या वहीतून लिहिलं तर त्याच्या चुकाही तुझ्या वहीत येतात.

(सई हसते. बाई तिला पुढच्या बाकावर बोलावतात. घंटा.)

रेहान : बाई, बेच्या ऐवजी तेराचा पाढा म्हटला तर?

बाई : येतो का तुला?

रेहान : तेर एके तेरा… तेर दुणे सव्वीस… तेर त्रिक…

(तो खिडकीबाहेर बघत अडकतो. बाई घड्याळ बघतात.)

बाई : आठव, आठव. तू अडकलास की सगळ्यांना जास्त सुट्टी.

(मुलं मैदानाकडे पळतात. व्हिडिओ इथे संपतो.)

दाखवणाऱ्या शिक्षकांसाठी : टीव्ही लगेच बंद करा आणि मुलांना बाहेर नेऊन अंगठ्याचा प्रयोग पुन्हा करून घ्या. जवळ पाण्याची टाकी, देवळाचा कळस, डोंगर, जे असेल ते ठरवून टाका. वर्गाचं ते "लांबचं ठिकाण". दुसऱ्या दिवसापासून दर तासाच्या मध्याला वर्गप्रमुखाने पाढा सुरू करायचा, तुम्ही शिकवत असलात तरी.