आत्या, विमान रद्द झालंय, तिकीट बुडालेलं नाही

आत्या,

तुझा फोन ठेवला नि लगेच लिहायला बसलो. फोनवर सांगितलेलं तू रात्रभर उलटसुलट करत बसशील, कागदावर असलं की चार वेळा वाचता येतं. आधी दोन गोष्टी. तुझे पैसे बुडालेले नाहीत, आणि तुझं काहीही चुकलेलं नाही. “मी काहीतरी भलतंच दाबलं असणार” असं म्हणत होतीस ना? तू काही दाबलेलं नाहीस. विमान कंपनीने रद्द केलंय.

आणि कंपनीचं उत्तर येईपर्यंत एक कर. तिचा तुझ्या फोनवर जो मेसेज आलाय त्याखाली ACCEPT असं निळं बटण आहे, त्याला हात लावू नको. का ते पुढे सांगतो.

आपल्याकडे करंट बिल नि शेताचा उतारा कानडीत येतो, बँकेचा नि विमानाचा कागद इंग्रजीत. मग प्रत्येक कागद कुणाकडे तरी घेऊन जायचं नि “बघ रे बाबा काय लिहिलंय” म्हणायचं. हा मेसेज तर इंग्रजी येणाऱ्यालाही दोनदा वाचावा लागतो. मी तो वाक्याला वाक्य मराठीत केलाय. असा आहे:

“प्रिय प्रवासी, गुरुवार १३ नोव्हेंबर रोजी सकाळी ९.४० वाजता बेळगावहून सुटणारे व ११.०० वाजता बेंगळुरूला पोचणारे आपले विमान कामकाजाच्या कारणांमुळे रद्द करण्यात आले आहे. आपल्याला शुक्रवार १४ नोव्हेंबरच्या दुपारी ४.१० च्या विमानात जागा देण्यात आली आहे. ही जागा मान्य असल्यास खालील बटण दाबावे. मान्य नसल्यास सात दिवसांच्या आतील दुसरे विमान जादा पैसे न देता निवडता येईल, किंवा तिकिटाची रक्कम आपल्या नावे क्रेडिट शेलमध्ये जमा करता येईल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.”

संपलं. यात तुझा काही दोष आहे असं एक अक्षर नाही. पण तीन जागा अशा आहेत की नुसतं भाषांतर करून भागत नाही.

पहिली, “कामकाजाच्या कारणांमुळे”. इंग्रजीत ‘ऑपरेशनल रीझन्स’. आत्या, याचा अर्थ काहीच नाही. लग्नाला का आला नाहीस विचारल्यावर “जरा अडचण होती” म्हणतात, तसलं ते. पायलट नव्हता, विमान दुसरीकडे अडकलं, की सीटा भरल्या नाहीत, काही कळत नाही. पण हे गुळमुळीत बोलणंच आपल्या कामी येणार आहे.

दुसरी, “जागा देण्यात आली आहे”. वाचताना वाटतं की ठरलं, आता शुक्रवारीच जायचं. तसं नाही. त्यांनी देऊ केलीय, घ्यायची की नाही ते तू ठरवायचंस.

तिसरी, क्रेडिट शेल. म्हणजे पैसे तुझ्या हातात न देता कंपनी आपल्याच वहीत तुझ्या नावावर मांडून ठेवणार, पुढच्या वेळी त्यातूनच तिकीट काढ म्हणून. किराणा दुकानदाराने सुटे पैसे नाहीत म्हणून चॉकलेट द्यावं तसं. नियम सांगतो की पैसे असे ठेवायचे की परत घ्यायचे ही निवड प्रवाशाची, कंपनीने आपण होऊन तसं करायचं नाही. मेसेजमध्ये रोख परतीचं नावच घेतलेलं नाही म्हणून तो पर्याय नाही असं समजू नको. आहे.

आता नियम. हा दिल्लीच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, ज्याला डीजीसीए म्हणतात त्यांचा. सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४. २०१० पासून आहे, मध्ये दुरुस्त्या झाल्यात. कोणी काउंटरवर “असा काही नियम नाही” म्हणालं तर एवढा आकडा सांगायचा, आवाज बदलतो.

त्यात सगळं अडलंय ते कधी कळवलं यावर. दोन आठवडे किंवा त्याहून आधी कळवलं, तर दुसरं विमान किंवा पैसे परत, तुला जे चालेल ते. दोन आठवड्यांच्या आत पण निदान २४ तास आधी कळवलं, तरी तेच. मात्र २४ तासांच्या आत कळवलं तर कंपनीने तुला चालेल असं दुसरं विमान द्यायचं, किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे देऊन वर भरपाई द्यायची.

तुझा मेसेज आलाय आज बुधवारी संध्याकाळी ५.५२ ला. विमान उद्या सकाळी ९.४० ला. मधे १५ तास ४८ मिनिटं. म्हणजे तू तिसऱ्या खात्यात बसतेस. मेसेजचा स्क्रीनशॉट मी काढून ठेवलाय, तूही तो मेसेज पुसू नको. वेळ त्याच्यावरच आहे.

भरपाई किती? विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी जाऊन जागेवर थांबेपर्यंतचा ठरलेला वेळ बघतात. एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तास ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००. तुझा प्रवास १ तास २० मिनिटांचा, म्हणून ७,५००. पण थांब, लगेच सांगत सुटू नको! पुढे लिहिलंय, “किंवा एकेरी प्रवासाचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यात जे कमी असेल ते”. या शेवटच्या चार शब्दांत निम्मे पैसे जातात.

तुझं तिकीट समोर घेऊन बसलोय. एकूण ४,३८६. त्यात मूळ भाडं ३,१५०, इंधन शुल्क ४००, उरलेले ८३६ विमानतळाचे नि सरकारचे. मूळ भाडं आणि इंधन मिळून ३,५५०. ते ७,५०० पेक्षा कमी, म्हणून भरपाई ३,५५०. तिकिटाचे ४,३८६ वेगळे, ते पुरेच्या पुरे. दोन्ही मिळून ७,९३६.

आता बटणाचं. नियमात दुसरं विमान ‘किंवा’ पैसे नि भरपाई असं आहे. ‘आणि’ नाही. ACCEPT दाबलंस की शुक्रवारचं विमान तू मान्य केलंस, मग भरपाईचं बोलायला तोंड उरत नाही. अख्ख्या कागदात माझ्या मते हा एकच सापळा आहे.

कंपनी कुठे हात वर करू शकते तेही सांगतो, नाहीतर उद्या मलाच बोलशील. पूर, नैसर्गिक आपत्ती, दंगल, संप, सुरक्षेचा धोका, सरकारी हुकूम, खराब हवा, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण, म्हणजे कंपनीच्या हाताबाहेरचं काही असेल तर भरपाई देणं लागत नाही. तिकिटाचे पैसे किंवा दुसरं विमान तेव्हाही असतंच. पण यातलं एकही त्यांनी लिहिलेलं नाही. लिहिलंय ‘कामकाज’. म्हणून आजच लेखी विचारून टाकायचं की कारण नक्की काय. उद्या मागून धुकं आणलं तर आजचा कागद आपल्याकडे आहे.

आणखी एक पळवाट असते. तिकीट काढताना प्रवाशाचा नंबर नीट दिला नसेल तर भरपाई नाही. एजंट लोक पुष्कळदा स्वतःचाच नंबर टाकतात. तुझ्या तिकिटावर तुझाच आहे, मी पाहिलं. बरं झालं.

खाणंपिणं द्यायचाही नियम आहे, पण तो विमानतळावर जाऊन पोचलेल्यांना. तुला घरीच कळलंय, तेव्हा “बघून तरी येऊ” म्हणून पहाटे सांबऱ्याला जाऊ नको. रिक्षाचं भाडं कोणी देणार नाही.

आता कॅम्पातला एजंट. तो तुला म्हणाला, “रद्द करून देतो, ५०० कापले जातील.” त्याला नाही म्हण. इथे शब्दाला फार किंमत आहे, आत्या. “माझं तिकीट रद्द करा” असं चुकूनही म्हणू नको. तसं म्हटलंस की रद्द तू केलंस असं होतं, आणि मग कापाकापी सुरू. म्हणायचं, “कंपनीने विमान रद्द केलंय, मला पूर्ण पैसे परत हवेत.” तिकीट एजंटाकडून काढलं तरी पैसे परत करायची जबाबदारी कंपनीचीच, एजंट तिचाच माणूस धरला जातो.

मी तुझ्या नावाने कंपनीला इंग्रजीत मेल लिहून ठेवलाय. त्यात असं आहे: “माझं १३ नोव्हेंबरचं बेळगाव ते बेंगळुरू विमान तुम्ही सुटण्याच्या १५ तास ४८ मिनिटं आधी रद्द केल्याचं कळवलंत. तुम्ही देऊ केलेलं १४ तारखेचं विमान मला चालणार नाही. क्रेडिट शेल नको. तिकिटाचे ४,३८६ रुपये आणि डीजीसीएच्या नियमाप्रमाणे ३,५५० रुपये भरपाई द्यावी. भरपाई देणं लागत नाही असं म्हणणं असेल तर रद्द करण्याचं नेमकं कारण लेखी कळवावं.” विनंती-बिनंती घातलेली नाही. तू हो म्हटलंस की पाठवतो.

उत्तर आलं नाही किंवा टोलवाटोलवी झाली तर सरकारचं airsewa.gov.in आहे, तिथे तक्रार घालू. त्यानंतर ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. अगदीच वेळ आली तर ग्राहक आयोग, आणि त्यासाठी बेंगळुरू-दिल्लीला जावं लागत नाही. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा घालता येतो, म्हणजे बेळगावातच. दोन वर्षांची मुदत असते. ३,५५० साठी मी तिथवर जाईन का? खरं सांगू तर राग आला तर जाईन.

कंपनीचा नंबर मात्र गुगलवर शोधू नको. तिथे खोटे नंबर टाकून लोक बसलेत. “पैसे परत देतो, ओटीपी सांगा” म्हणून फोन आला तर सरळ ठेव. पैसे परत यायला ओटीपी लागत नाही.

हे सगळं मी ‘शुक्रवारचं विमान चालणार नाही’ धरून लिहिलंय, आणि ते पैशासाठी नाही. वीणाला डॉक्टरांनी शनिवार सकाळ दिलीय. शुक्रवारचं विमान साडेपाचला उतरणार, तेही रद्द झालं नाही तर. देवनहळ्ळीहून बनशंकरीला संध्याकाळच्या गर्दीत दोन तास धर. त्यापेक्षा उद्या संध्याकाळची राणी चेन्नम्मा पकडलीस तर शुक्रवारी सकाळी बेंगळुरात. रेल्वे विमानाच्या आधी पोचवते, काय म्हणावं! थ्री टायरमध्ये खालचा एक बर्थ दिसतोय. रात्री दहापर्यंत फोन कर, हो म्हणालीस तर लगेच काढतो. खानापूरहून दुपारीच इकडे ये, जेवून निघू, गाडीत मी बसवून देतो. वीणाशी मी बोललोय, जावईबापू स्टेशनवर येतील.

आणि पंधरा किलोच्या भीतीने डिंकाच्या लाडवांचा दुसरा डबा काढून ठेवलायस ना? तो परत पिशवीत घाल.

तुझा,
संजू