चालणं आणि स्मरणशक्ती: तुमच्या बातमीसाठी खुलासा

नमस्कार,

फोनवर ठरल्याप्रमाणे लेखी उत्तर पाठवते आहे. छापण्याआधी मसुदा दाखवलात, हे फार बरं केलंत.

‘रोज चाला, स्मृतिभ्रंश टाळा’ हा मथळा कृपया बदला. आमच्या अभ्यासात स्मृतिभ्रंशाचं निदान कोणाचंच केलेलं नाही, त्यामुळे तो शब्द बातमीत कुठेच नको.

आम्ही साठीपुढच्या लोकांना आठवड्यात साधारण किती चालता, असं विचारलं. त्याच भेटीत शब्दांची एक यादी वाचून दाखवली आणि थोड्या वेळाने त्यातले किती आठवतात, ते पाहिलं. जास्त चालतो म्हणणाऱ्यांना सरासरीने थोडे अधिक शब्द आठवले. फरक लहान आहे आणि तो सरासरीतला आहे. कमी चालणाऱ्या कित्येकांची स्मरणशक्ती उत्तम होती.

चालण्यामुळेच हा फरक पडला का? तसं असू शकेल, पण या अभ्यासावरून सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मोजल्यामुळे आधी काय आणि नंतर काय, ते कळत नाही. विसरायला होऊ लागलं की वाट चुकेल या धास्तीने माणसं बाहेर पडणं कमी करतात, म्हणजे गाडी उलट्या दिशेनेही जात असेल. वय, शिक्षण आणि मधुमेह यांचा परिणाम आम्ही आकडेमोडीत शक्य तितका वजा केला आहे. ऐकू कमी येतं का, हे मात्र तपासलं नव्हतं. यादी तोंडी वाचली जात होती. ज्यांना ती नीट ऐकूच आली नाही, त्यांचे गुण त्यामुळेही घटले असतील. ही मर्यादा बातमीत यायलाच हवी, शब्दमर्यादा असली तरी.

मी इतकी अडून बसते याला कारण आहे. रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकार कमी आढळतो, असं अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसलं होतं. पुढे अमेरिकेत चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून मोठी चाचणी झाली. त्यातली इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन एकत्र देण्याची चाचणी 2002 मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. हृदयविकार घटला नव्हता, उलट किंचित वाढलेला दिसला. तोवर कितीतरी जणींनी हृदयासाठी म्हणून ती औषधं घेतली होती.

माझ्या नावाने हे वाक्य जसंच्या तसं छापलंत तरी चालेल: “जास्त चालणाऱ्या ज्येष्ठांची स्मरणशक्ती सरासरीने थोडी बरी आढळली, मात्र ती चालण्यामुळेच बरी आहे, असं या अभ्यासातून सिद्ध होत नाही.” मथळ्यासाठी ‘चालणं आणि स्मरणशक्ती यांत संबंध असण्याची शक्यता’ असं सुचवते.

‘मग आम्ही चालावं की नाही?’ असं वाचक विचारतील. ज्यांना झेपतं त्यांनी जरूर चालावं. हृदयासाठी आणि रक्तदाबासाठी त्याचा उपयोग होतो, याला इतर संशोधनाचा भक्कम आधार आहे. फक्त तो आमच्या निष्कर्षात मिसळू नका.

पान लागेपर्यंत मी फोनजवळच आहे. मथळा डेस्कवर बदलला गेला, तर तेवढं कळवा.

आपली,
अभ्यासगटाची प्रमुख संशोधक