डावा डोळा

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियांचा पुतळा आहे ना, तिथून थोडं पुढे नदीच्या बाजूला मी बसतो. दोन फोल्डिंग खुर्च्या, एक बोर्ड, क्लिपा, पेन्सिलींचा डबा आणि कठड्याला टेकवून ठेवलेली चार जुनी पोर्ट्रेट, एवढंच दुकान. बावीस वर्षं झाली. पेन्सिलीत पाचशे, चारकोलमध्ये सातशे, वीस मिनिटं बसायचं. डिसेंबरात तर एक काळ असा होता की माणसं लाइन लावायची, आणि मी चहा पण उभ्या उभ्या प्यायचो.

आता माणसं येतात, जुनी चित्रं बघतात, छान आहेत म्हणतात, आणि तिथेच माझ्या समोर उभं राहून सेल्फी काढून फोनात टाकतात, अर्ध्या मिनिटात कार्टून तयार. मोठे मोठे डोळे, गुलाबी गाल, मागे ढग. सगळे खूश. परवा एक पोरगा मला दाखवायला पण आला, काका बघा ना किती भारी. भारी होतंच, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या शेजारच्या मैत्रिणीचं आणि त्याचं नाक सेम होतं, ते त्याला दिसलं नाही.

मला चित्र काढायला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. पेडण्याला मामाची गणपतीची चित्रशाळा होती, तिथे मी आठव्या वर्षापासून माती मळायचो. मग रंग. मग खूप वर्षांनी डोळे. डोळ्यांची आखणी मामा दुसऱ्या कोणाला करू द्यायचा नाही, चवथीच्या आदल्या रात्री कंदिलाजवळ बसून तो एकटाच करायचा, श्वास धरून. मला पहिल्यांदा ब्रश दिला तेव्हा म्हणाला, एक डोळा काढलास की दुसरा त्याच्याकडे बघून काढायचा, आठवणीने नाही. ते वाक्य मी अजून वापरतो.

तर त्या शनिवारी दुपारपासून एक पण गिऱ्हाईक नव्हतं. पाच वाजता एक मुलगी आली, पंचवीसेक वर्षांची, बरोबर वडील. डिचोलीहून आले होते. वडील हळू चालत होते, काठी होती, ते सरळ जाऊन कठड्याजवळ उभे राहिले आणि बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीकडे बघत बसले. मुलीने फोन पुढे केला.

"काका, हे असंच्या असं मोठ्या कागदावर काढून द्याल? पप्पांचा साठावा वाढदिवस आहे. प्रिंट काढली तर ती फाटल्यासारखी येते."

फोनवर कार्टून होतं. पांढरी मिशी, टोपी, हसरे गोल डोळे. गोड आजोबा, कोणाचेही. मी वर बघितलं. वडिलांचा चेहरा डावीकडून खाली ओघळला होता, डावी पापणी अर्धी मिटलेली, ओठाचा कोपरा पण.

"दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला," ती हळूच म्हणाली. "तेव्हापासून फोटो काढूच देत नाहीत. घरातला आरसा पण काढून ठेवलाय. हे कार्टून मात्र त्यांना आवडलं, रोज बघतात."

आता मी काय बोलणार? आधी मनात आलं होतं की सांगावं, बाय, मी फोनची कॉपी काढत नाही. बावीस वर्षांत हे असं पहिल्यांदाच कोणीतरी मागत होतं आणि मला ते लागलं होतं. पण रोज बघतात म्हटल्यावर मी गप्प झालो. जो माणूस आरसा काढून ठेवतो त्याला त्या कार्टूनने काहीतरी दिलं होतं, आणि ते माझ्या पेन्सिलीने कधी दिलं नसतं, मी तर ओघळलेली पापणी ओघळलेलीच काढली असती.

मी त्यांना विचारलं, "दादा, तुम्ही फेरीबोटीवर होता काय?"

ते वळले. "तीस वर्षं. तुम्हाला कसं कळलं?"

उजव्या डोळ्याच्या कडेला बारीक सुरकुत्यांचा पंखा होता, उन्हात पाण्यावर बघत राहिलेल्या माणसाला पडतो तसा. शेतात काम करणाऱ्याला पण पडतात, पण त्या कपाळावर जास्त असतात. हे मी त्यांना सांगितलं. ते थोडं हसले, अर्ध्या तोंडाने, आणि आपणहून येऊन खुर्चीवर बसले.

"काढा," म्हणाले. "पण मी आधी होतो तसा काढा. हा असा नको."

"जुना फोटो आहे?"

मुलीने मान हलवली. लायसन्सवरचा होता, पुसट, टिकलीएवढा. त्यात काही दिसेना.

उजवी बाजू मी काढली. सहा बीने मिशी, दोन बीने डोळा, सुरकुत्यांचा पंखा एकेक करून. उजवीकडचं सगळं समोर होतं. डावीकडे आलो आणि हात थांबला. उजव्याला उलटा करून लावता येत नाही, कोणाचेच दोन डोळे सारखे नसतात, तसं केलं की माणूस बाहुलीसारखा दिसतो. मामाचं वाक्य आठवलं, पण इथे बघायला डोळाच नव्हता.

मुलगी बापाच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभी होती. ऊन तिच्या तोंडावर आलं म्हणून तिने डोळे किलकिले केले. आणि मला दिसलं. उजवा डोळा जसाच्या तसा बापाचा, तीच जाड पापणी, आतल्या कोपऱ्याकडे तोच उतार. मग मी तिचा डावा बघितला. तो उजव्यापेक्षा जरासा बारीक होता आणि वरच्या पापणीला दुहेरी घडी होती.

"बाय, अशीच उभी राहा. हलू नको."

"मी? मला नाही काढायचं."

"तुला नाही काढत."

तिची पापणी घेतली, तिची घडी घेतली, काजळ सोडून दिलं. सुरकुत्या बापाच्या उजव्या डोळ्यावरून आणल्या, थोड्या कमी, कारण फेरीवर उभं राहणाऱ्याला ऊन एका बाजूने जास्त लागत असणार असं आपलं मला वाटलं. चाळीस मिनिटं गेली. समोरच्या कॅसिनोच्या बोटींवर लाइट लागले. कागद नदीच्या हवेने थोडा दमट झाला होता, पेन्सिल नीट चढत नव्हती, तरी मी सोडलं नाही. शेवटी हेअर स्प्रेचा एक हात मारला, आम्ही फिक्सेटिव्ह म्हणून तोच वापरतो, आणि बोर्ड त्यांच्याकडे फिरवला.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उजवा हात उचलून कागदापासून बोटभर लांब डाव्या डोळ्यावर धरला.

"हा बरोबर आहे," म्हणाले. "हा थोडा बारीकच होता. आई म्हणायची." मग मुलीकडे वळून, "तुला माहीत होतं?"

तिला माहीत नव्हतं. तिने फोनचा कॅमेरा चालू केला, स्वतःकडे फिरवला आणि बघत राहिली.

पाचशे दिले, वर शंभर. मी शंभर परत केले, मग त्यांनी त्याचे दोन चहा आणि भजी मागवली. जाताना मुलगी म्हणाली, काका, वाढदिवसाच्या टी-शर्टवर मात्र आम्ही ते कार्टूनच छापणार हां, भाच्यांना तेच हवंय. म्हटलं छापा की. कागदाची गुंडाळी वडिलांनी तिला धरायला दिली नाही, काठीच्या हातातच काठीबरोबर धरली, आणि फेरी धक्क्याला लागत होती तिकडे बघत बघत दोघं गेली.