सहा सुताचा बोल्ट

आजोबांची वही म्हणजे जुनी लेजर, पुठ्ठ्याला ग्रीसचे अंगठे, पानापानाला डिझेलचा वास. त्यांच्या हाताखाली शिकलेला एकजण आता मस्कतला बोटींची इंजिनं बघतो, त्याच्या पोरांना मराठी येत नाही म्हणून त्याने मला वही इंग्रजीत करून मागितली, आणि मी पण शहाणी, मालवणला आठ दिवस आहेच तर होईल म्हणून हो म्हटलं.

पहिली चार पानं फटाफट झाली. पाना म्हणजे स्पॅनर, कानस म्हणजे फाईल, बीड म्हणजे कास्ट आयर्न. वायसर वर अडले तर आजोबा पलंगावरूनच, "तां इंग्रजीच गो, वॉशर!"

मग आलं 'सहा सुताचो बोल्ट'. मी टाकलं सिक्स थ्रेड बोल्ट. सूत म्हणजे धागा, आणि बोल्टचे आटे म्हणजे थ्रेड, म्हणजे जुळलंच की. संध्याकाळी वाचून दाखवलं, तर आजोबा उठूनच बसले.

"अगो बाये, बोल्ट हा तो, गोधडी शिवूक बसलंस काय?"

ट्रंकेतून लोखंडी पट्टी काढली, गंजलेली, आकडे अर्धे पुसलेले, आणि नखाने एकेक रेघ मोजत गेले. इंचाचे आठ सूत, म्हणून सहा सूत म्हणजे पाऊण इंच. त्यांचं नख अजून काळं आहे, दुकान बंद होऊन किती वर्षं झाली तरी. मी गुपचूप थ्री फोर्थ इंच केलं. नाहीतर मस्कतची पोरं सहा आट्यांचा बोल्ट शोधत बाजारभर फिरली असती.

ग्लँड म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवायला दोरी भरलेली जागा, तिच्या पानावर दोनदा अधोरेखित केलेलं: 'इंजिन चालू असताना थेंब थेंब गळूक व्हया, सुको ठेवलंस तर दोरी जळता.' मला वाटलं गळणं म्हणजे बिघाड, मी तसंच लिहायला गेले होते. म्हणे ते पाणीच दोरीला आणि शाफ्टला थंड ठेवतं, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्याला लागल्या की नवे खलाशी ग्लँड आवळून ठेवायचे आणि यांच्या शिव्या खायचे.

शेवटचं पान आवाजांचं होतं. इंजिन खोकता. इंजिन टकटक करता. इंजिन कुथता.

"कुथता म्हणजे कसं?"

"जाळा ओढताना, लोड जास्त झालो की." मग डोळे मिटून, छातीतून, "हंऽऽऊंऽ... हंऽऽऊंऽ..."

मी म्हटलं परत करा, त्यांनी परत केलं, आणखी खोल.

आतून आजी धावत आली, हातात बीपीची गोळी आणि पाण्याचा तांब्या.