आकारणी वर्ष 2023-24 : कलम 142(1) खालील नोटिशीला उत्तर

दिनांक : 22 नोव्हेंबर 2024

प्रति,
मा. आकारणी अधिकारी,
राष्ट्रीय फेसलेस आकारणी केंद्र, आयकर विभाग

विषय : 11 नोव्हेंबर 2024 च्या नोटिशीतील मुद्द्यांचा खुलासा

महोदय,

पॅन आणि डीआयएन सोबतच्या नोटिशीच्या प्रतीवर आहेत. मी पगारदार असून आयटीआर-2 हे विवरणपत्र 27 जुलै 2023 रोजी भरले आहे. मुद्देनिहाय उत्तर असे :

1. स्थावर मालमत्तेची विक्री, 42,00,000 रुपये
ही रक्कम माझ्या एकटीची नाही. लातूर जिल्ह्यातील ही शेतजमीन वडिलांच्या पश्चात वारस फेरफाराने मी व माझे दोन भाऊ यांच्या नावे समान हिश्शाने लागली. 14 जुलै 2022 च्या खरेदीखताने आम्ही ती विकली. खरेदीदाराने प्रत्येकाच्या खात्यात 14,00,000 रुपये आरटीजीएसने जमा केले. रोखीचा व्यवहार नाही. एआयएसमध्ये मात्र पूर्ण किंमत माझ्या पॅनवर दिसते (भावांच्या एआयएसमध्येही तेच झाले आहे). तसा अभिप्राय मी पोर्टलवर नोंदवला आहे.

2. भांडवली नफा का दाखवला नाही
जमीन ग्रामपंचायत हद्दीत आहे. सर्वांत जवळच्या नगरपरिषदेची हद्द तिथून सरळ रेषेत 11.4 किमी आहे. कलम 2(14)(iii) मधील सर्वांत मोठी मर्यादाही 8 किमीचीच असल्याने लोकसंख्येचा प्रश्न येथे उद्भवत नाही. सबब ही जमीन 'भांडवली मालमत्ता' ठरत नाही व कलम 45 लागू होत नाही. विक्रीपूर्वीच्या खरिपात तिच्यावर सोयाबीन होते. ई-पीक पाहणीत तशी नोंद आहे. माझ्या हिश्शाची रक्कम विवरणपत्राच्या करमुक्त उत्पन्नाच्या परिशिष्टात दाखवलेली आहे.

3. मुदत ठेव, 12,00,000 रुपये
वरील 14,00,000 रुपयांतूनच 8 ऑगस्ट 2022 रोजी ठेवली. पासबुकात दोन्ही नोंदी आहेत.

4. ठेवीवरील व्याज, 43,260 रुपये
'इतर स्रोतांपासून उत्पन्न' या सदरात पूर्ण दाखवले आहे. 4,326 रुपयांची टीडीएस कपात फॉर्म 26एएसशी जुळते.

सोबतची कागदपत्रे :
अ) नोटिशीची प्रत, विवरणपत्र व पोचपावती
आ) नोंदणीकृत खरेदीखत
इ) विक्रीपूर्वीचा सातबारा, ई-पीक पाहणीच्या नोंदीसह
ई) वारस फेरफार
उ) भूमी अभिलेख कार्यालयाचा हवाई अंतराचा दाखला
ऊ) तलाठ्यांचा ग्रामपंचायत हद्दीबाबतचा दाखला
ए) 1 एप्रिल 2022 ते 31 मार्च 2023 चा बँक खातेउतारा व ठेव पावती
ऐ) एआयएसवरील अभिप्रायाची पोच, फॉर्म 26एएस
ओ) दोन्ही भावांचे संमतिपत्र व त्यांच्या खात्यांतील जमा नोंदी

यानंतरही उत्पन्नात भर घालण्याचा प्रस्ताव असल्यास कलम 144ब नुसार कारणे दाखवा नोटीस द्यावी आणि व्हिडिओ कॉन्फरन्सद्वारे म्हणणे मांडण्याची संधी मिळावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
करदाती
(ई-फायलिंग खात्यातून ईव्हीसीने पडताळून सादर)